एमएच १५ म्हणजे नाशिकचा माणूस नव्हे

मंडळी, ही पोस्ट थोडी लांब आहे आणि सुरुवातीलाच माझी एक चूक कबूल करून लिहितोय. ठाकुर्लीत राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी, कारण त्या चुकीचा त्रास आपल्यातल्याच एका पोराला झाला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, ९० फुटी रस्त्यावर, भाजी विकून घरी निघालेल्या एका मावशींना राखाडी रंगाच्या स्कूटरने धडक दिली. स्कूटरवाला क्षणभर थांबला, मागे वळून बघितलं आणि निघून गेला. मावशींचा घोटा मोडला. पाऊस होता, लाईट नेहमीप्रमाणे अर्धे बंद होते. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याने नंबर बघितला, पण पूर्ण नाही. त्याला सुरुवातीचं 'एमएच १५' आठवत होतं आणि शेवटचे दोन आकडे, ६३. मधली अक्षरं गेली.

मी तिथे वीस मिनिटांत पोहोचलो. मावशींना रिक्षात घालून पोरांनी दवाखान्यात नेलं होतं. वडापाववाल्याशी बोललो, फोटो काढला आणि घरी येऊन पोस्ट टाकली. तिची पहिली ओळ अशी होती: "नाशिकच्या स्कूटरची भाजीविक्रेत्या महिलेला धडक, चालक फरार."

'नाशिकच्या'. हा एकच शब्द. वीस वर्षांहून जास्त बातम्या लिहितोय, पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय, तरी तो शब्द टाकताना मला काहीही खटकलं नाही. एमएच १५ म्हणजे नाशिक, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यात चूक काय?

चूक काय ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पोस्टखाली कमेंटचा पाऊस पडला होता. "बाहेरचे येतात आणि माज करतात." "आपल्या भागात परगावच्या गाड्या वाढल्यात, कुणी बघायला नाही." सकाळी स्टेशनजवळ दोन-चार जणांनी एमएच १५ नंबरची एक बाईक अडवली. चालवणारा पंचविशीतला पोरगा, नाईट ड्युटी करून घरी चाललेला, एका लॅबमध्ये टेक्निशियन. त्याच्या गाडीचा आणि त्याचा फोटो काढून तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हाच का तो?"

बाईक काळी होती. स्कूटर राखाडी होती. शेवटचे आकडे ६३ नव्हते. पण एमएच १५ होतं ना!

दुपारी तो पोरगा माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "दादा, मी कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलात जन्मलोय. वडील रेल्वेत होते. बावन्न चाळीत मोठा झालो. नाशिकला मी आयुष्यात चार वेळा गेलो असेन, तेही लग्नाला." मग त्याने आरसी काढून दाखवली. बाईक त्याच्या सिन्नरच्या मामेभावाची होती. तीन वर्षांपूर्वी ती त्याने विकत घेतली, रीतसर नावावर केली. आरसीवर नाव त्याचं, पत्ता ठाकुर्लीचा, नंबर एमएच १५ चा.

मी विचारलं, "मग नंबर बदलून का नाही घेतलास?"

तो म्हणाला, "एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, गरजच नाही."

एजंट बरोबर होता. मी चुकीचा होतो. त्या दिवसापासून मी हा विषय जरा नीट समजून घेतला. जे समजलं ते इथे मांडतोय, कारण आपण सगळेच रोज नंबर प्लेट वाचतो आणि त्यातून माणसं ओळखायचा प्रयत्न करतो.

आधी प्लेट काय सांगते ते बघू. 'एमएच ०५' असं लिहिलेलं असतं तेव्हा पहिली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राची. पुढचे दोन आकडे आपण 'जिल्ह्याचा कोड' म्हणतो. पण खरं तर तो जिल्ह्याचा कोड नाहीच. तो कार्यालयाचा कोड आहे. गाडीची पहिली नोंद ज्या आरटीओ कार्यालयात झाली, त्या कार्यालयाचा नंबर. बोलीभाषेत आपण म्हणतो ना, 'कल्याण पासिंग', 'पुणे पासिंग', तो शब्द जास्त अचूक आहे. गाडी कुठे पास झाली, एवढंच तो सांगतो.

आपलंच उदाहरण घ्या. ठाणे जिल्हा एक, पण कोड किती? ठाणे शहराचा ०४. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्याचा ०५. नवी मुंबईत वाशीचं कार्यालय, त्याचा ४३. एकाच जिल्ह्यात तीन-तीन कोड. पुण्याचंही तसंच, शहराचा १२, पिंपरी-चिंचवडचा १४, बारामतीचा ४२. नागपूरचे ३१, ४० आणि ४९. म्हणजे कोडवरून जिल्हा कळतो, पण जिल्ह्यावरून कोड कळेलच असं नाही.

उलटंही होतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. आज पालघर जिल्ह्यातल्या गाड्यांवर वसई कार्यालयाचा ४८ दिसतो. पण डहाणू-जव्हारकडे जा, जुन्या गाड्यांवर अजून ०४ आहे. जिल्हा बदलला, गाडी तिथेच राहिली, नंबरही तोच राहिला. त्या गाडीला 'ठाण्याची' म्हणायचं की 'पालघरची'? नंदुरबारला १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळं केलं, तिथल्या त्याआधीच्या गाड्यांवर धुळ्याचा १८ आहे, नंतरच्यांवर ३९.

हे आकडे कसे पडले ते बघण्यासारखं आहे. हल्लीची नंबरपद्धत १९८९ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांबरोबर आली. त्याआधी आपल्याकडे 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे, काही जुन्या स्कूटरींवर अजून दिसतात. नवीन पद्धतीत राज्याने आकडे वाटले तेव्हा नकाशा समोर ठेवूनच वाटले असावेत असं वाटतं. ०१, ०२, ०३ मुंबई. ०४ ठाणे, ०५ कल्याण. मग ०६ पेण म्हणजे रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, असं कोकण. तिथून घाट चढून ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर. मग १५ नाशिक, तिथून १८ धुळे, १९ जळगाव, मराठवाडा, आणि विदर्भात ३१ नागपूर, ३६ भंडारा. बोट ठेवून फिरवल्यासारखा सगळा महाराष्ट्र.

पण पस्तीस-छत्तीसच्या पुढे हा क्रम मोडतो. ३७ वाशिम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार, ४१ मालेगाव, ४६ पनवेल, ४७ बोरिवली, ५० कराड. विदर्भातून उडी मारून खानदेशात, तिथून मुंबईत, मग साताऱ्यात. कारण ही नंतर झालेली कार्यालयं. जसजशी गरज पडली तसतसा पुढचा आकडा मिळाला. म्हणून मोठा आकडा बघितला की समजायचं, कार्यालय तुलनेने नवीन आहे.

त्यापुढची अक्षरं आणि चार आकडे म्हणजे त्या कार्यालयातला अनुक्रम. ०००१ ते ९९९९ संपले की पुढची अक्षरं. आपल्याकडे बहुतेक कार्यालयं दुचाकी, चारचाकी आणि धंद्याच्या गाड्यांसाठी वेगवेगळ्या मालिका काढतात, त्यामुळे जाणकार एजंट अक्षरं बघूनच सांगतो की ही कोणत्या साली आसपासची गाडी आहे. आपल्याला ते जमत नाही, पण गाडीच्या वयाचा अंदाज त्या अक्षरांत असतो, जिल्ह्याच्या आकड्यात नाही.

आता मुख्य मुद्दा. नाशिकला नोंदवलेली गाडी ठाकुर्लीत आणली तर नंबर बदलावा लागतो का?

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल तर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४९ सांगतं की मालकाचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. फॉर्म ३३ भरायचा, नवीन पत्त्याचा पुरावा द्यायचा, आरसीवर नवा पत्ता चढतो. पण नंबर तोच. गाडी विकली तर कलम ५० खाली मालकी बदलते, आरसीवर नाव बदलतं. नंबर तोच. माणसं बदलतील, पत्ते बदलतील, प्लेट भंगारात जाईपर्यंत तीच राहते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, मग तपासून पाच-पाच वर्षांनी पुढे वाढवतात, तेव्हाही नंबर तोच.

म्हणून त्या लॅबवाल्या पोराने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्याच्या बाईकवरचं १५ हे बाईकचं जन्मगाव आहे, त्याचं नाही.

दुसऱ्या राज्यातून आणली तर मात्र गोष्ट वेगळी. कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायला हवा. त्यासाठी आधी मूळ कार्यालयातून एनओसी आणायची. ती फॉर्म २८ वर मिळते. त्याआधी पोलिसांचा दाखला, कर्ज असेल तर बँकेची परवानगी. मग इथे फॉर्म २७, इथला रोड टॅक्स भरायचा, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायचा. हे शेवटचं काम किती दिवसांत होतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. बदलीच्या नोकरीवाले म्हणूनच वैतागतात, आणि आपल्या स्टेशनच्या आजूबाजूला बदलीवाले कमी नाहीत.

त्यांच्यासाठी २०२१ मध्ये 'बीएच' मालिका आली. तिच्या प्लेटवर राज्यही नाही आणि जिल्हाही नाही. आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग बीएच म्हणजे भारत, मग चार आकडे, शेवटी अक्षरं. सरकारी नोकर, सैन्यातले, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात. टॅक्स एकदम भरायचा नाही, दोन-दोन वर्षांचा भरायचा. गंमत बघा, या प्लेटवरून गाडी कुठल्या वर्षाची ते लगेच कळतं, कुठली ते अजिबात कळत नाही. आपल्या नेहमीच्या प्लेटचं बरोबर उलट.

आणि परराज्याचा कोड म्हणजे परराज्याचा माणूस, हेही प्रत्येक वेळी खरं नाही. नाशिक महामार्गावर रात्री उभे राहा. स्लीपर कोच लक्झऱ्या जातात, त्यांच्या मागे एनएल ०१ दिसेल, म्हणजे नागालँड. एआर म्हणजे अरुणाचल. बस चालवणारा बीडचा, क्लीनर परभणीचा, प्रवासी पुण्याचे. ती बस बहुधा नागालँडला एकदाही गेलेली नसते. तिकडे टॅक्स कमी पडतो म्हणून कागद तिकडचे. सीमाभागात याच्या उलट. निपाणी-चिकोडीकडे केए २३, बेळगावला केए २२. प्लेट कर्नाटकची, आतमध्ये घरी मराठी बोलणारं कुटुंब. प्लेटवरून भाषा, जात, स्वभाव काहीही कळत नाही. फक्त टॅक्स कुठे भरला ते कळतं.

आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आणखी एक बदल झालाय. पूर्वी कलम ४० प्रमाणे राहता त्या भागाच्या कार्यालयातच नवीन गाडी नोंदवायची. आता शब्द झालेत 'राज्यातील कोणतेही नोंदणी प्राधिकरण'. म्हणजे ठाकुर्लीच्या माणसाने कायद्याने पुण्यातून किंवा पनवेलमधून नवी गाडी घेऊन तिथला नंबर घेतला तरी त्यात गैर काही नाही. पुढच्या दहा वर्षांत आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्या महाराष्ट्राचे आकडे दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

मग त्या स्कूटरचं काय झालं? तिथे या सगळ्याचा खरा हिशोब आहे.

वडापाववाल्याने दिलेली माहिती होती, एमएच १५ आणि शेवटी ६३. ऐकायला बरीच वाटते. पण मोजून बघा. एका मालिकेत ०००१ ते ९९९९ नंबर असतात. त्यात शेवटी ६३ असलेले ००६३, ०१६३ असे थेट ९९६३ पर्यंत बरोबर १०० नंबर. अक्षरं माहीत नाहीत. नुसत्या पन्नास मालिका धरल्या तरी पाच हजार गाड्या. त्यातल्या दुचाकी, त्यातल्या स्कूटर, त्यातल्या राखाडी, असं गाळत गेलं तरी शेकड्यात यादी येणार. आणि आपण सगळ्यांनी त्या यादीचा अर्थ काढला होता, नाशिकमध्ये शोधा. एका कार्यकर्त्याने तर नाशिकच्या ओळखीच्या माणसाला फोनही लावला होता.

पाचव्या दिवशी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात ती स्कूटर सापडली. पूर्ण नंबर मिळाला. पोलिसांनी तो 'वाहन' या सरकारी नोंदीत टाकला. मालकाचं नाव आलं, स्कूटरचा मेक, रंग, पहिल्या नोंदणीचं कार्यालय नाशिक. आणि सध्याचा पत्ता आला, खंबाळपाडा.

खंबाळपाडा! धडक झाली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

मालक चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी नाशिकहून इकडे आला होता. त्याने नियमाप्रमाणे आरसीवर पत्ता बदलून घेतला होता. कागदात काहीच लपवलेलं नव्हतं. प्लेट नाशिक म्हणत होती आणि नोंद खंबाळपाडा म्हणत होती, दोन्ही आपापल्या जागी खरं. त्या संध्याकाळी स्कूटर त्याचा भाचा चालवत होता. पोलीस आले तेव्हा स्कूटर बिल्डिंगच्या खाली उभी होती, पुढचा मडगार्ड फुटलेला, पाच दिवस तिथेच. खालच्या मजल्यावरचे लोक रोज तिच्या बाजूने जात होते आणि मोबाईलवर 'नाशिकची स्कूटर' शोधत होते.

मी त्यानंतर चूक दुरुस्त करणारी पोस्ट टाकली. पहिल्या पोस्टला साडेचारशे शेअर होते, दुरुस्तीला एकोणीस. हे तुम्हाला माहीत असेलच, नेहमीच असं होतं.

त्या पाच दिवसांत लॅबवाला पोरगा रिक्षाने कामाला जात होता. बाईक घरी ठेवली. त्याच्या आईने मला फोन केला होता, त्यात एकच वाक्य नीट आठवतंय. "तुम्ही नाशिक लिहिलंत, पण लोकांनी वाचलं बाहेरचा." मला त्यावर काही उत्तर देता आलं नाही.

आणि हा विषय मी हलक्यात घेत नाही, त्याला कारण आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी माणसं. 'बाहेरचे' एवढीच त्यांची खूण होती, आणि आधीचे काही दिवस मोबाईलवर अफवा फिरत होत्या. आपल्या स्टेशनजवळ त्या सकाळी चार माणसांनी एका बाईकचा फोटोच काढला, पुढे काही झालं नाही. पण फोटो काढणारे चारच्या जागी चाळीस असते तर?

तर आता काम कसं करायचं, ते सांगतो. मी माझ्यापुरतं ठरवलंय, तुम्हीही वापरून बघा.

कुठल्याही अपघातात अर्धा नंबर दिसला तर जेवढा दिसला तेवढाच सांगा. कोणता भाग दिसला आणि कोणता नाही, हे वेगळं सांगा. त्यात पाऊस, अंधार, चिखल होता का तेही सांगा. ० आणि ८, ३ आणि ८, १ आणि ७ रात्री सहज चुकतात. इंग्रजी 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात म्हणून मालिकांमध्ये सहसा टाळतात, त्यामुळे कुणी मध्ये 'ओ' सांगितला तर ते शून्य, क्यू किंवा डी असण्याची शक्यता जास्त.

पूर्ण नंबर मिळाला तर तो ग्रुपवर टाकण्याआधी एम-परिवहन ॲपवर किंवा वाहनच्या साईटवर टाकून बघा. मालकाचं पूर्ण नाव आता तिथे दिसत नाही, ते झाकलेलं असतं, आणि ते बरंच आहे. पण गाडीचा मेक, मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख आणि कार्यालय दिसतं. समोरच्या गाडीशी ते जुळतं का बघा. नोंदीत पेट्रोल कार आहे आणि समोर डिझेल टेम्पो उभा आहे, तर प्लेट खोटी आहे किंवा दुसऱ्याच्या नंबरची नक्कल आहे. असं होतं, आणि मग चलन भलत्याच माणसाच्या घरी जातं. तेव्हा पोलिसांना सांगायचं, ग्रुपला नाही. पत्ता शोधणं हे पोलिसांचं काम, कारण खरा पत्ता त्यांनाच दिसतो, प्लेटवर तो कधीच नसतो.

नव्या एचएसआरपी प्लेटवर निळ्या रंगात आयएनडी, होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, तो गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते. जुन्या गाड्यांना बसवून घ्यायची आहे. तिने नक्कल करणं अवघड होतं, पण कोडचा अर्थ तिनेही बदलत नाही. ०५ म्हणजे कल्याणच्या खिडकीवर पहिली नोंद, एवढंच.

जाता जाता एक. आपली पोरं हौसेने मराठी आकड्यांत नंबर लिहून घेतात, छान दिसतो. पण नियम ५० प्रमाणे प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात. मराठीत लिहिलेली प्लेट कॅमेऱ्याला वाचता येत नाही आणि दंड होतो. मराठीचा अभिमान गाडीच्या काचेवर लावा, प्लेटवर नको.

मावशींचा घोटा आता बरा आहे, थोडं लंगडत चालतात. स्कूटरवाल्या भाच्यावर गुन्हा दाखल झाला, केस चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लॅबवाल्या पोराने त्याची बाईक विकली नाही. मी त्याला परवा भेटलो तेव्हा विचारलं, नंबरचा त्रास होतो का अजून? म्हणाला, "दादा, सोसायटीत नवीन कुणी आलं की आरसी दाखवतो, मग चालतं." हे त्याने हसत सांगितलं. पण स्वतःच्या गल्लीत राहायला त्याला आरसी दाखवावी लागते, याला मी जबाबदार आहे.

म्हणून मी आता बातमीत 'नाशिकची गाडी' लिहीत नाही. 'नाशिक येथे नोंदणी झालेली' लिहितो, आणि तेही बातमीला गरज असेल तरच. तीन शब्द जास्त लागतात. लागू देत.

तुमच्यापैकी कुणाकडे दुसऱ्या कोडची गाडी असेल आणि असाच काही अनुभव आला असेल तर खाली लिहा. फक्त नंबर लिहू नका.